वडिलांच्या पेन्शन थकबाकीतून कापलेला 98,384 रुपये कर 26AS मध्ये दिसत नाही

सायली_द (18 जून 2025, रात्री 9:40)

नमस्कार मंडळी. वडील राज्य शासनाच्या सेवेतून 31 मार्च 2019 ला निवृत्त झाले. वेतननिश्चितीचं जुनं प्रकरण होतं, ते शेवटी मागच्या वर्षी सुटलं. महालेखापालांकडून सुधारित आदेश आला आणि एप्रिल 2024 पासून पेन्शन नव्या दराने सुरू झाली. मधल्या पाच वर्षांचा फरक, म्हणजे एप्रिल 2019 ते मार्च 2024 चा, नोव्हेंबर 2024 मध्ये एकरकमी काढला गेला. फरक 6,88,000 रुपये. खात्यात आले 5,89,616. उरलेले 98,384 रुपये आयकर म्हणून कापले, तसं पेन्शन स्लिपवर छापलेलं आहे.

एरवी बाबांच्या पेन्शनमधून कर कापला जात नाही. या वर्षीची नियमित पेन्शन 6,60,000 आहे, दुसरं उत्पन्न काहीच नाही. ठेवी आहेत त्या आईच्या नावावर.

आज विवरणपत्र भरायला बसले आणि बाबांच्या पॅनवर जमा झालेला कर दाखवणारं 26AS उघडलं, तर ते कोरं. कोषागाराचं नावसुद्धा नाही. हातात फॉर्म 16 आहे, त्यात 98,384 लिहिलंय. कोषागारात फोन केला तर म्हणाले, "आम्ही कापून भरलाय, तुम्ही आयकरवाल्यांना विचारा." आयकरच्या हेल्पलाइनवर म्हणाले, "कापणाऱ्याला विचारा."

बाबा रोज सकाळी विचारतात, काही कळलं का. त्यांच्यासाठी ही दीड-पावणेदोन महिन्यांची पेन्शन आहे. नेमकं कुठे अडलंय हे कसं शोधायचं?

---

रवी_एफडी (18 जून, रात्री 10:05)

ताई, 15H भरून दिला नव्हता का? ज्येष्ठ नागरिकाने एप्रिलमध्ये 15H दिला की कर कापतच नाहीत. मी दरवर्षी बँकेत देतो, आजवर एक रुपया कापला गेला नाही.

---

नीलिमा_कर (18 जून, रात्री 10:22)

रवीदादा, 15H ठेवींच्या व्याजासाठी असतो. पेन्शन आयकराच्या दृष्टीने पगारच, तिच्यावरचा कर कलम 192 खाली कापतात आणि तिथे 15H चालत नाही. शिवाय सायलीचा प्रश्न कर का कापला हा नाहीच. कापलेला कर बाबांच्या नावावर का चढला नाही, हा आहे.

सायली, दोन गोष्टी आधी बघून सांग. 26AS उघडताना निर्धारण वर्ष 2025-26 निवडलं होतंस ना? नोव्हेंबर 2024 ची रक्कम त्यातच दिसणार. पुष्कळ जण 2024-25 निवडतात आणि घाबरतात. दुसरं, फॉर्म 16 चे दोन भाग असतात, अ आणि ब. तुझ्याकडे दोन्ही आहेत का, आणि भाग अ वर ट्रेसेस, म्हणजे आयकर खात्याच्या करकपातीच्या संकेतस्थळाचं बोधचिन्ह आणि प्रमाणपत्र क्रमांक आहे का?

---

सायली_द (19 जून, सकाळी 8:10)

वर्ष 2025-26 च निवडलं होतं, आत्ता पुन्हा बघितलं. फॉर्म 16 चा फक्त भाग ब आहे. त्यावर पेन्शन, थकबाकी, 75,000 ची प्रमाणित वजावट, करपात्र 12,73,000, कर 98,384, सगळं बरोबर आहे. भाग अ मागितला तर "सिस्टिममधून येत नाहीये" असं उत्तर मिळालं.

---

वाटसरू (19 जून, सकाळी 9:30)

इतकं काही अवघड नाही. पोर्टलवर AIS, म्हणजे आपल्याबद्दल खात्याकडे जमलेली वार्षिक माहिती उघडा, तिथे अभिप्राय द्यायची सोय आहे. कर कापला पण दिसत नाही असं लिहा, ते दुरुस्त करतात. माझ्या लाभांशाची चुकीची नोंद अशीच निघाली होती.

आणि थकबाकी पाच वर्षांची असेल तर ती त्या त्या वर्षाचं उत्पन्न आहे. मागची विवरणपत्रं सुधारून घ्या, म्हणजे या वर्षी एवढा कर लागणारच नाही. उत्पन्न आधीच्या वर्षी आणि करकपात नंतरच्या वर्षी, यासाठी फॉर्म 71 आलाय 2023 पासून.

---

नीलिमा_कर (19 जून, सकाळी 10:15)

वाटसरू, AIS बद्दल तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. तिथला अभिप्राय आपल्या नावावर चुकून आलेल्या माहितीबद्दल उपयोगी पडतो. करकपातीचं श्रेय मात्र कापणाऱ्याने भरलेल्या तिमाही विवरणातून येतं, ते त्यानेच दुरुस्त करावं लागतं. अभिप्रायाने 26AS मध्ये नवी ओळ उगवत नाही.

थकबाकीचं मात्र तसं नाही. जे वेतन किंवा पेन्शन आधीच्या वर्षी करपात्र धरलं गेलं नव्हतं, ते ज्या वर्षी हातात पडतं त्या वर्षीचं उत्पन्न ठरतं, कलम 15 तसं सांगतं. म्हणून मागची विवरणपत्रं उघडायची नाहीत. उत्पन्न आधीच एखाद्या वर्षी दाखवून कर भरला आणि कपात नंतर झाली, त्याला फॉर्म 71. इथे तसं घडलेलं नाही. इथे लागतो थकबाकीवरची सवलत मागायचा फॉर्म 10E. त्यावर स्वतंत्र लिहिते, कारण सायलीचा मोठा फायदा त्यातच आहे. पण आधी श्रेय सापडू दे.

---

जुना_लेखनिस (19 जून, दुपारी 3:50)

नमस्कार. मी कोषागारातूनच निवृत्त झालो. शेवटची काही वर्षं निवृत्तिवेतन शाखेत होतो, त्यामुळे आत काय होतं ते सांगू शकतो.

सरकारी कार्यालय कर कापतं तेव्हा बँकेत चलन भरत नाही. ही रक्कम हिशेबातच एका शीर्षातून दुसऱ्यात जाते. महिना संपला की लेखा कार्यालय आयकर खात्याला 24G नावाचं विवरण देतं, त्यावर एक बिन क्रमांक मिळतो. मग दर तीन महिन्यांनी 24Q हे करकपातीचं विवरण भरतात. त्यात प्रत्येक पेन्शनराची एक ओळ, ओळीत पॅन, दिलेली रक्कम, कापलेला कर, आणि वर तो बिन क्रमांक. नोव्हेंबरची कपात तिसऱ्या तिमाहीच्या 24Q मध्ये येते, तिची मुदत 31 जानेवारी.

आता तुमच्या खुणा बघा. भाग ब मधली रक्कम बरोबर आहे. तो भाग चौथ्या तिमाहीबरोबर जाणाऱ्या वर्षभराच्या गोषवाऱ्यावरून तयार होतो. भाग अ मात्र तिमाही विवरणातली कपातीची ओळ तुमच्या पॅनवर जुळली तरच निघतो. भाग ब आहे आणि भाग अ "येत नाही", याचा अर्थ मार्चच्या गोषवाऱ्यात पॅन बरोबर गेलाय आणि डिसेंबर तिमाहीची ओळ वेगळ्याच पॅनवर बसलीय, किंवा ती ओळ घातलीच गेलेली नाही. बिन जुळला नसता तर एकट्या तुमच्या बाबांची नाही, त्या बिलातल्या सगळ्यांचीच बोंब झाली असती. बाबांच्या ओळखीच्या दुसऱ्या कुणाची थकबाकी त्याच महिन्यात निघाली होती का, विचारा. त्यांच्या 26AS मध्ये कर दिसत असेल तर बिन ठीक आहे आणि घोळ तुमच्याच ओळीत आहे.

थकबाकीची बिलं पुष्कळदा नियमित पेन्शनच्या यादीबाहेर, वेगळी तयार होतात. नियमित यादीत पॅन एकदा नोंदला की तसाच राहतो. थकबाकीच्या बिलाला तो हाताने टाकला जातो. माझ्या अनुभवात चुका तिथेच होतात.

---

सायली_द (19 जून, रात्री 9:15)

काका, मनापासून आभार. बाबांबरोबर निवृत्त झालेले एक काका आहेत, त्यांचीही थकबाकी नोव्हेंबरमध्येच आली. आत्ता त्यांच्या मुलाला 26AS बघायला लावलं. त्यांचा कर दिसतोय, डिसेंबर तिमाही, कलम 192, पुढे F, म्हणजे नोंद पक्की. म्हणजे आमच्याच ओळीत घोळ आहे.

आता कोषागारात जाऊन नेमकं काय मागू? मागच्या वेळी "कर दिसत नाही" म्हटलं आणि त्यांनी भाग ब दाखवून परत पाठवलं.

---

जुना_लेखनिस (20 जून, सकाळी 11:20)

"कर दिसत नाही" असं म्हणू नका. त्यांच्याकडे कापल्याची नोंद आहे, त्यामुळे त्यांच्या लेखी काम झालेलं असतं. लेखी अर्ज द्या आणि त्यात एकच विनंती करा: आर्थिक वर्ष 2024-25, तिमाही 3, 24Q मधील माझ्या ओळीतला पॅन तपासून दुरुस्ती विवरण भरावं. वर पीपीओ क्रमांक, थकबाकीची रक्कम, कापलेला कर, बिलाची तारीख. सोबत नोव्हेंबरची पेन्शन स्लिप, पॅन कार्डाची छायाप्रत, कोऱ्या 26AS ची छापील प्रत. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या.

एक गोष्ट त्यांना नम्रपणे सांगा, ती त्यांच्याही कामाची आहे. ओळीतला पॅन अस्तित्वातच नसेल तर ट्रेसेस त्या ओळीवर 20 टक्क्यांनी कर धरतं. 6,88,000 चे 20 टक्के होतात 1,37,600. कापलेत 98,384. मधले 39,216 आणि त्यावरचं व्याज कमी कपात म्हणून कोषागाराच्या टॅनवर, म्हणजे त्यांच्या करकपात क्रमांकावर उभं राहिलेलं असणार. ट्रेसेसवरचा त्यांचा कमी कपातीचा अहवाल उघडला की ती ओळ वेगळी शोधायची गरज नाही, रक्कमच सांगेल. पॅन दुरुस्त झाला की ती मागणीही जाते. हे कळलं की काम लवकर हलतं.

---

रानफूल (20 जून, दुपारी 1:00)

एवढं नमतं कशाला घ्यायचं? थेट माहितीचा अधिकार टाका. नाहीतर लिहून द्या की पैसे खाल्ले.

---

जुना_लेखनिस (20 जून, दुपारी 2:30)

रानफूल, राग समजतो. पण पुस्तकी समायोजनात पैसे कुणाच्या खिशात जायची वाटच नसते, रक्कम शासनाच्या हिशेबात आलेली असते, फक्त नाव चुकलेलं. माहितीच्या अधिकाराला 30 दिवस जातात आणि उत्तरात कागद मिळतो, दुरुस्ती नाही. आधी अर्ज. पंधरा दिवसांत हालचाल झाली नाही तर कोषागार अधिकाऱ्यांना समक्ष भेटा.

---

दत्ता_सर (21 जून, सकाळी 7:45)

माझंही असंच आहे, म्हणून लिहितो. मी निवृत्त शिक्षक. 2017-18 मध्ये फरक मिळाला, 31,000 कर कापला. विवरणपत्रात दाखवला, पण 26AS मध्ये नव्हता म्हणून आयकर खात्याने तेवढी मागणी काढली. कार्यालयात चकरा मारल्या, बाबू बदलत गेले, मीही कंटाळलो. आता यंदाच्या परताव्यातून ती मागणी वळती करतो अशी सूचना आलीय. मलाही पॅन दुरुस्तीचा अर्ज करता येईल का?

---

नीलिमा_कर (21 जून, सकाळी 11:00)

सर, तुमच्या बाबतीत ती वाट बंद झालीय, हे सांगताना वाईट वाटतं. 1 एप्रिल 2025 पासून नियम असा की मूळ तिमाही विवरण ज्या आर्थिक वर्षात भरायचं होतं, ते वर्ष संपल्यापासून सहा वर्षांपर्यंतच दुरुस्ती विवरण घेतलं जातं. 2017-18 च्या शेवटच्या तिमाहीचं विवरण मे 2018 मध्ये भरायचं होतं. त्याची सहा वर्षं 31 मार्च 2025 ला संपली. आधीच्या तिमाहींची त्याहूनही आधी.

तरीही गप्प बसू नका. कलम 205 सांगतं की पगारातून कर कापला गेला असेल तर तो पुन्हा त्या माणसाकडून वसूल करता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2007 मध्ये पगारदाराच्याच प्रकरणात हे उचलून धरलं. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या 1 जून 2015 च्या पत्रातही अधिकाऱ्यांना तेच बजावलंय. पोर्टलवर `Pending Actions` मध्ये `Response to Outstanding Demand` आहे, तिथे मागणीशी असहमती नोंदवा आणि त्या महिन्याची वेतन किंवा फरक बिलाची साक्षांकित प्रत, फॉर्म 16, बँक पासबुक जोडा. वळती करण्याच्या सूचनेला मुदतीत उत्तर द्या, उत्तर दिलं नाही तर संमती धरतात. मग तुमच्या आयकर अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज.

---

दत्ता_सर (21 जून, दुपारी 12:20)

कार्यालयाने फरकाच्या बिलाची प्रत जुनी म्हणून देता येत नाही असं सांगितलं तर?

---

जुना_लेखनिस (21 जून, दुपारी 4:05)

सर, बिल नाही मिळालं तरी सेवापुस्तकातली फरकाची नोंद आणि रोखवहीचा उतारा मागा. तेवढ्यावर तुमचे अधिकारी मानतील का, हे मी खात्रीने सांगू शकत नाही.

---

सायली_द (2 जुलै 2025, संध्याकाळी 6:30)

आज बाबांना घेऊन गेले होते. अर्ज 23 जूनला दिला होता, आज बोलावलं.

निवृत्तिवेतन शाखेतल्या ताईंनी तिसऱ्या तिमाहीची फाइल उघडली. बाबांचं नाव शोधलं, ओळ निघाली. रक्कम 6,88,000, कर 98,384, सगळं तंतोतंत. त्या म्हणाल्या, बरोबरच आहे की. मग बाबांनी खिशातून पॅन कार्ड काढलं आणि एकेक अक्षर मोठ्याने वाचायला लागले. पहिली पाच अक्षरं जुळली. मग आकडे. बाबा म्हणाले, "सात, तीन, आठ, चार." ताईंच्या पडद्यावर होतं 7834. सात, आठ, तीन, चार. दोन आकड्यांची अदलाबदल.

एवढ्यासाठी! ताई स्वतःच दोन क्षण गप्प झाल्या. नंतर थकबाकीच्या बिलाची कार्यालयीन प्रत काढली, त्यावर पेनाने पॅन लिहिलेला होता आणि तिथेच उलटा होता. काकांनी सांगितल्याप्रमाणे कमी कपातीची मागणीही त्यांच्या खात्यावर दिसत होती. ती कोणत्या ओळीची, हे शोधायला त्यांना वेळ मिळाला नव्हता. त्यांच्याकडे चार हजारांवर पेन्शनर आहेत आणि हे काम बघणाऱ्या दोघी.

आता त्या दुरुस्तीची फाइल मागवणार आहेत. मला इतकंच विचारायचंय, तोवर विवरणपत्र भरून टाकू का?

---

नीलिमा_कर (2 जुलै, रात्री 8:50)

थांब. या वर्षी मुदत 15 सप्टेंबरपर्यंत वाढवलीय, तुझ्याकडे वेळ आहे. श्रेय दिसायच्या आधी भरलंस तर प्रक्रिया होताना 98,384 मान्य होणार नाहीत आणि उलट कराची मागणी येईल. मग श्रेय आल्यावर पोर्टलवर दुरुस्तीची विनंती करायची, पुन्हा महिने जायचे. काम निघतं, पण फेरा मोठा.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत काही झालं नाही, तर मात्र वाट न बघता पूर्ण कर दाखवून भर. मुदत चुकली तर 5,000 विलंब शुल्क, आणि परताव्यावरचं व्याजही एप्रिलऐवजी भरल्या तारखेपासून धरतात.

आता 10E. कोषागाराने सगळी थकबाकी एकाच वर्षात धरून कर कापला, ते त्यांच्या परीने बरोबर आहे. पण ही रक्कम त्या त्या वर्षी मिळाली असती तर जेवढा कर लागला असता, त्याहून जास्त बाबांना भरावा लागू नये म्हणून कलम 89 ची सवलत आहे. नव्या करप्रणालीतही ती मिळते. त्यासाठी वर्षवार फरक आणि त्या वर्षांची करपात्र रक्कम लागेल. कोषागाराकडून थकबाकीचं वर्षवार विवरणपत्रक घे आणि इथे टाक.

---

सायली_द (4 जुलै, रात्री 10:10)

पत्रक मिळालं. उपदान आणि अंशराशीकरणाचा फरक वेगळ्या बिलाने आला होता, तो यात नाही, तपासलं. 50,000 ची वजावट जाऊन बाबांचं तेव्हाचं करपात्र उत्पन्न आणि त्या वर्षाचा फरक असा:

2019-20: 3,22,000, फरक 1,23,000
2020-21: 3,32,000, फरक 1,26,000
2021-22: 3,55,000, फरक 1,34,000
2022-23: 3,97,000, फरक 1,48,000
2023-24: 4,23,000, फरक 1,57,000

पहिली चार वर्षं जुन्या प्रणालीत, शेवटचं नव्या.

---

नीलिमा_कर (5 जुलै, दुपारी 12:00)

छान. आता एकेक वर्ष घेऊ. मूळ उत्पन्नावर कुठल्याच वर्षी कर नव्हता. फरक मिळवला की 2019-20 ला होतात 4,45,000, पुढच्या वर्षी 4,58,000, त्याच्या पुढे 4,89,000. जुन्या प्रणालीत पाच लाखांपर्यंत 87A ची सूट होती, म्हणून तिन्ही वर्षं कर शून्यच.

2022-23 ला होतात 5,45,000. पाच लाखांची रेघ ओलांडली, सूट गेली. बाबा तोवर साठीच्या वर होते ना? म्हणजे तीन लाखांपर्यंत काही नाही, पुढच्या दोन लाखांवर 10,000, वरच्या 45,000 वर 20 टक्क्यांनी 9,000. एकूण 19,000, उपकर 760, म्हणजे 19,760.

2023-24 ला 5,80,000. नव्या प्रणालीत सूट सात लाखांपर्यंत होती, पुन्हा शून्य.

म्हणजे वेळेवर पैसे मिळाले असते तर पाच वर्षांत मिळून बाबांनी 19,760 कर भरला असता. यंदा थकबाकी धरून कर 98,384, थकबाकी वगळून 5,85,000 वर शून्य. सवलत 98,384 वजा 19,760, म्हणजे 78,624. एवढे परत मिळायला हवेत.

एक चूक टाळ. 10E आधी भरायचा, विवरणपत्र नंतर. तो `e-File` मधल्या `Income Tax Forms` मध्ये आहे. निर्धारण वर्ष 2025-26 निवडायचं, ज्या वर्षांची थकबाकी ती नव्हे. 10E न भरता नुसती विवरणपत्रात सवलत लिहिली तर ती सरळ नाकारतात. दरवर्षी माझ्याकडे अशी दोन-तीन प्रकरणं येतात, आणि कागदपत्रं सगळी बरोबर असतात.

---

वाटसरू (5 जुलै, दुपारी 1:15)

हे मला नवीन आहे. पण मग कोषागारानेच 10E धरून कमी कर का कापला नाही? बाबांना आठ महिने पैसे अडकवून बसावं लागलं.

---

जुना_लेखनिस (5 जुलै, संध्याकाळी 5:40)

कापणाऱ्याला तशी मुभा आहे. सरकारी सेवकाने वर्षवार तपशील 10E मध्ये दिला तर कार्यालय सवलत धरून कर कापू शकतं. पण पेन्शनराला थकबाकी येणार हे बहुधा बँकेचा संदेश आल्यावरच कळतं, तोवर बिल पास झालेलं असतं. ज्यांचा सुधारित आदेश येऊन ठेवलाय आणि पैसे अजून निघाले नाहीत, त्यांनी आत्ताच निवृत्तिवेतन शाखेत कागद द्यावेत. प्रत्येक ठिकाणी घेतील असं नाही. आमच्याकडे एक अधिकारी घ्यायचे, त्यांच्या नंतरचे म्हणायचे विवरणपत्रात मागा.

---

सायली_द (23 जुलै 2025, सकाळी 7:20)

दिसलं! दुरुस्ती 14 जुलैला भरली असं ताईंनी कळवलं होतं. मी रोज `View Form 26AS` उघडत होते. काल रात्री ओळ आली. कलम 192, रक्कम 6,88,000, कर 98,384, स्थिती F. फॉर्म 16 चा भाग अ सुद्धा निघाला, ताईंनी स्वतःहून फोन केला.

---

जुना_लेखनिस (23 जुलै, सकाळी 9:00)

फार बरं वाटलं. आता एक काम करून घ्या. नियमित पेन्शनच्या यादीत आणि पीपीओच्या कार्यालयीन प्रतीवर पॅन बरोबर आहे ना, हे नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला जाल तेव्हा समक्ष वाचून घ्या. पुढचा फरक आला तर तो त्याच कागदावरून उचलतील.

---

सायली_द (29 ऑक्टोबर 2025, रात्री 8:00)

राहिलेलं लिहिते. 10E 24 जुलैला भरला, विवरणपत्र 25 ला. परवा परतावा जमा झाला, व्याजासकट 81,370 रुपये. मूळ 78,620 आणि एप्रिलपासून सात महिन्यांचं व्याज 2,751. हे व्याज पुढच्या वर्षी बाबांच्या उत्पन्नात दाखवायचं, असं नीलिमाताईंनी फोनवर सांगितलं.

बाबांनी पासबुक भरून आणलं आणि आईसमोर ती ओळ वाचून दाखवली.

दत्ता सर, तुमच्या सूचनेचं काय झालं?

---

दत्ता_सर (30 ऑक्टोबर, सकाळी 7:10)

अभिनंदन सायली. मी असहमती नोंदवली, पासबुक आणि फॉर्म 16 जोडले. परतावा सध्या रोखून धरलाय, वळता केलेला नाही. रोखवहीचा उतारा अजून मिळालेला नाही, जुनं दप्तर तालुक्याच्या गोदामात आहे म्हणतात. सोमवारी तिकडे जातोय. लेखनिस साहेब, उतारा मिळाला तर त्यावर सही कुणाची हवी, गटशिक्षणाधिकाऱ्यांची की लेखाधिकाऱ्यांची?

---

जुना_लेखनिस (30 ऑक्टोबर, सकाळी 10:30)

सर, ज्यांच्या टॅनवर कर कापला त्या आहरण व संवितरण अधिकाऱ्यांची. तुमच्या फॉर्म 16 वर टॅन असेल, तो कोणत्या कार्यालयाचा आहे ते सोमवारी निघण्याआधी बघून घ्या, म्हणजे गोदामातून थेट त्याच टेबलावर जाता येईल.